सूर्याचा कप, चंद्राचा कप

ताईचं एक ब्रीद होतं: जिथली वस्तू तिथे. आता ब्रीद कुणाला नसतं? पण ताईचं ब्रीद म्हणजे नुसतं बोलायचं नव्हतं. तिने अख्खी नोकरी एका कारखान्याच्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची काळ्या रंगात काढलेली आकृती. हत्यार नेलं की आकृती उघडी पडायची. सुट्टीच्या भोंग्याला एक जरी आकृती उघडी दिसली, तरी ताई कारखान्याचं फाटक अडवून उभी राहायची. मॅनेजरसुद्धा तिच्यापुढे खिसे चाचपायचे. निवृत्त झाली तेव्हा कुणीतरी भाषणात म्हणालं, "ताई गेल्या, आता पान्यांना पाय फुटतील." सगळे हसले. ताई हसली नाही, कारण तिला ते खरंच वाटत होतं.

अशी ही बाई धाकट्या भावाच्या घरी महिनाभर राहायला आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"अगं बाई! हे काय, घर आहे की जत्रा?"

भिंतीवर भलंमोठं घड्याळ. घड्याळाच्या कडेला रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, आठापाशी लाल, एकापाशी पिवळी, संध्याकाळच्या आठासाठी त्याच लालला लागून निळी. खाली दोरीला लटकलेली कार्डं. नळाच्या तोटीला तांबडं फडकं बांधलेलं. दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली, ती काढल्याशिवाय दार उघडेना. ओट्यावर एक गोल तबकडी, तिच्यातली लाल फोड हळूहळू बारीक होत चाललेली. आणि घड्याळाच्या बरोब्बर खाली दोन कप. एकावर सूर्य रंगवलेला, एकावर चंद्र. चंद्राच्या कपात आप्पांचं, म्हणजे ताईच्या वडिलांचं, इन्सुलिनचं पेन उभं.

"ताई, ही माझी आठवण आहे," भावजय म्हणाली. "डोक्यात राहत नाही, म्हणून बाहेर टांगलीय."

भावजयीला घरात सगळे पाखरू म्हणत. हे नाव आप्पांनीच ठेवलेलं, ती लग्न होऊन आली तेव्हा. दूध तापत ठेवून दार उघडायला जाईल, दारातून शेजारणीकडे, शेजारणीकडून दोरा आणायला दुकानात. आणि इकडे दुधाचं पातेलं काळंठिक्कर. घरी बसून पडदे शिवून द्यायची. हात सोन्यासारखा, पण कुणाचा पडदा कधी द्यायचा ते कायम राम भरोसे. लहानपणापासून 'वेंधळी', 'बेफिकीर', 'कामचुकार' हे सगळं ऐकून झालेलं. मग चाळिशीच्या तोंडावर एका डॉक्टरांनी सांगितलं, की हा आळस नाही, लक्ष धरून ठेवण्याची अडचण आहे, आणि ती जन्मापासूनची आहे. डॉक्टरांनी औषध दिलं आणि एका बाईंकडे पाठवलं. या बाई अशा लोकांना दिवस कसा लावायचा ते शिकवत. त्या दिवशी पाखरू रिक्षात बसून ढसाढसा रडली होती. आनंदाने की दुःखाने, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"बाई म्हणतात, आठवण ठेवायचा प्रयत्नच करायचा नाही," पाखरू सांगत होती. सांगताना तिचे हात नाचत होते. "काम जिथे करायचं तिथेच खूण हवी, आणि ज्या वेळी करायचं त्या वेळी ती डोळ्यांसमोर आडवी यायला हवी. वहीत लिहिलं तर वही उघडायची आठवण कोण करणार? पाण्याची मोटार चालू केली की फडकं नळाला. मोटार बंद केली की मगच फडकं सोडायचं, आधी नाही. ही तबकडी बघा, 'अर्ध्या तासाने' म्हटलं तर मला काही समजत नाही. पण लाल फोड संपत आलेली दिसते. आणि कार्डांचे रंग मी बदलत राहते, नाहीतर डोळ्यांना सवय होते. मग ती नुसती भिंत होते."

"हं," ताई म्हणाली. तिचं लक्ष शिंकाळ्यावरच्या धुळीकडे होतं.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पेन ज्या कपात आहे, ते इन्सुलिन अजून द्यायचंय. सूर्यात आहे म्हणजे सकाळचं बाकी. दिलं की लगेच, टोचलेली सुई टाकायच्याही आधी, पेन चंद्रात. रात्रीचं दिलं की परत सूर्यात. मी दिलं का नाही दिलं, हा विचारच नको. कपाकडे बघायचं. म्हणून ताई, पेनाला हात लावू नका हं. लावलात तर दुसऱ्या कपात ठेवा."

"हो गं, हो. आधी मला चहा देशील का?"

गंमत बघा. लक्ष नसण्याचा आजार पाखराला, आणि त्या घटकेला लक्ष नव्हतं ते ताईचं.

आप्पांचं म्हणाल तर अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं शरीर सावरलं होतं, स्मरण मात्र गेलं ते गेलंच. सुईचा त्यांना भारी तिटकारा. पेन दिसलं की हात झटकायचे, "झालं, झालं! मघाशीच दिलं!" दिलेलं असो वा नसो, रोज सकाळ-संध्याकाळ हेच पालुपद. सुरुवातीला पाखरू गोंधळायची. मग कप आले, आणि आप्पांच्या 'झालं'चा जाच संपला. हे कप आल्यापासून वर्ष होत आलं, एक वेळ चुकली नव्हती. भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीने कामाला जायचा, तो निर्धास्त जायला लागला होता. माझी बायको वेंधळी, असं म्हणणं त्याने सोडलं होतं. पाखराला त्याचं केवढं अप्रूप! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिच्यावर सोपवून लोक निघून जात होते.

ताईला मात्र ती भिंत सलत होती. चार दिवस तिने दात-ओठ खाऊन काढले. पाचव्या दिवशी दाराची पिशवी खुंटीवर गेली. नळाचं फडकं धुऊन घडी होऊन कपाटात. पाखराने काही न बोलता परत आणून बांधलं. ताईने मनात म्हटलं, बोलत नाही पण हट्ट सोडत नाही, बघू.

मग एके दिवशी सकाळी भाऊ पहिल्या पाळीला गेलेला. आठ वाजले, इन्सुलिनचा गजर वाजला. पाखरू फाटकापाशी एका गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड दाखवत होती. बाईचं काही संपता संपेना. निळा दाखव, हा नको, तो दाखव. गजर वाजतच होता. ताईच्या कपाळाची शीर उडायला लागली. तिने जाऊन गजर बंद केला.

"बघा! म्हणे भिंतीवर आठवण टांगली. गजर बोंबलतोय आणि ही तिकडे गप्पा छाटतेय."

इन्सुलिन देणं ताईला नवं नव्हतं. नवऱ्याला शेवटची कित्येक वर्षं तिनेच दिलं होतं. तिने सूर्याच्या कपातलं पेन उचललं, तळव्यांत घोळवलं, नवी सुई लावली, डॉक्टरांच्या कागदावर होतं तेवढं फिरवून घेतलं. आप्पा म्हणाले, "झालं, झालं." ताई म्हणाली, "कुठे झालं, आप्पा? पोट पुढे करा." दिलं. लगेच न्याहारी भरवली. आप्पांनी पोटभर खाल्लं. ताट-वाटी धुऊन पुसून फळीवर. सुई काढून डब्यात. ओटा लख्ख. आणि पेन?

पेन जिथून उचललं होतं तिथे. सूर्याच्या कपात. अख्खी नोकरी ज्या हाताने केली, त्या हाताने दुसरं काय केलं असतं?

मग पायात चपला घालून ताई बँकेत गेली. तिच्या पेन्शनचं काही काम होतं. फाटकातून जाताना पाखराला म्हणाली, "मी येते गं जाऊन." पाखरू तोंडात टाचण्या धरून उभी होती, तिने मान हलवली. मी दिलंय, हे सांगायचं ताईला सुचलंच नाही. सांगायचं काय त्यात? केलेलं काम बोलून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती.

गिऱ्हाईक गेलं. पाखरू आत आली. घड्याळाचा काटा लाल पट्टीच्या बाहेर पडलेला. गजर केव्हाच गप्प. पेन सूर्यात.

"अगं बाई, राहिलं! वर्षात पहिल्यांदा राहिलं!"

ती धावली. आप्पा म्हणाले, "झालं, झालं. मघाशीच दिलं."

"हो आप्पा, रोजच झालेलं असतं तुमचं," ती हसून म्हणाली. ओट्यावर खरकटं भांडं नव्हतं, म्हणजे न्याहारीही व्हायची होती. तिने पेन घोळवलं, सुई लावली, दिलं. आणि सुई टाकायच्याही आधी पेन चंद्राच्या कपात ठेवलं. अगदी नियमाने. न्याहारी पुढे केली तर आप्पा तोंड फिरवायला लागले. "पोट भरलंय." तेही नेहमीचंच वाटलं. कसेबसे दोन घास गेले. साखर तपासायचा वार परवाचा होता. पाखरू शिलाई मशीनवर बसली, तबकडीची लाल फोड लावली आणि पडद्यात बुडून गेली.

ताई बँकेतून परतली तेव्हा उन्हं वर आली होती. घर शांत. इतकं शांत की तिला बरं वाटलं. आप्पा खुर्चीतच डुलकी घेत होते. झोपू दे, म्हातारं माणूस. तिने भाजी निवडायला घेतली. मशीनची घरघर चालू होती. मधेच आप्पा काहीतरी पुटपुटले; ताईने वर बघितलं नाही. पुन्हा पुटपुटले. तिला वाटलं, स्वप्नात बोलत असतील. भाजी निवडून झाली, देठं टाकून झाली, मग ती त्यांच्या जवळ गेली आणि सहज हात लावला.

सदरा पाठीला चिकटलेला. कपाळ गार. हात थरथरत होते, डोळे अर्धवट उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं.

"आप्पा! अहो आप्पा!"

पाखरू धावत आली आणि एका नजरेत तिला कळलं. अशा वेळी काय करायचं, त्याचंही कार्ड भिंतीवर होतं, लाल कागदावर. तिने बोट टोचून साखर बघितली. आकडा फारच खाली गेला होता. ताई साखरेचं पाणी घेऊन धावली, तशी पाखराने तिचा हात धरला. "तोंडात काही घालू नका! शुद्ध नाही, घशात अडकेल. मी गाडी बोलावते." आप्पांना कुशीवर वळवलं, फोन केला, पत्ता न अडखळता सांगितला. वेंधळ्या बाईचा आवाज तेवढा वेळ खणखणीत होता. साखरेचं पाणी हातात धरून नुसती उभी होती ती ताई.

दवाखान्यात शिरेतून साखर दिली, आप्पांनी डोळे उघडले. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे इन्सुलिन दिवसभर अंगात राहतं, साखर पुन्हा पडू शकते, इथेच ठेवावं लागेल. तोवर भाऊ पंपावरून तसाच कामाच्या कपड्यांत आला होता.

"सकाळचं इन्सुलिन कुणी दिलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," पाखरू म्हणाली.

"किती वाजता? एकदाच ना?"

"उशिरा दिलं. कप... पेन सूर्यात होतं, म्हणून दिलं. एकदाच." मग तिचे डोळे भिरभिरायला लागले. ताईने तिला असं कधी बघितलं नव्हतं. "एकदाच दिल्यासारखं वाटतंय. पण गजर बंद होता. मी गजर केव्हा बंद केला? मला आठवत नाही. म्हणजे मी आत आले असेन, दिलं असेन, आणि पेन हलवायच्या आधी बाहेर... आप्पा म्हणत होते दिलंय. ते म्हणत होते, पोट भरलंय." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच दोनदा दिलं. डॉक्टर, दोनदा दिलं असं धरूनच उपाय करा."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग सवयीने ताईकडे वळल्या. "घरात दुसऱ्या कुणी दिलं का? तुम्ही?"

ताईला त्या क्षणी सगळं दिसलं. पेन, कप, धुतलेलं ताट, तिचा स्वतःचा हात. भाऊ तिच्याकडे बघत होता. लहानपणापासून तो तसाच बघायचा. ताई म्हणजे ताई, ताई कधी चुकत नाही.

"नाही," ताई म्हणाली.

शब्द सुटला. उपाय तर दोनदा दिल्याचेच चाललेत, मग माझ्या बोलण्याने काय फरक पडतो, असं तिने स्वतःला समजावलं. मनाला समजावायला काय लागतं? नंतर सांगू. आप्पा घरी आले की सांगू.

आप्पा घरी आले. आधीपेक्षा खंगलेले, चमचा धरताना हात कापत होता. भावाने बायकोला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं. स्टूल घेतलं, वर चढला आणि भिंत उतरवायला लागला. घड्याळ, कार्डं, पट्ट्या, दोरी, तबकडी. खोक्यात टाकताना कप एकमेकांवर आपटले.

"असल्या पोरखेळावर बापाचा जीव टांगला मी," तो म्हणाला. "ताई, तू आहेस तोवर तूच दे. माणसाने डोक्यात ठेवावं, कपात नाही."

पाखरू बघत उभी होती. "खरंय तुमचं," म्हणाली.

त्या दिवसापासून ती ताईच्या मागे मागे फिरायला लागली. "ताई, मी मोटार बंद केली का?" "ताई, भाजीत मीठ घातलं का मी?" "ताई, आत्ता दार कुणी लावलं, मी की तुम्ही?" शिलाई मशीन तर बंदच पडलं. कात्री हातात घेतली की म्हणायची, "मापं घेतली होती ना मी? नक्की?" आणि कात्री खाली ठेवायची. एकदा ताईने बघितलं, ती रिकाम्या भिंतीसमोर उभी होती, जिथे घड्याळ होतं तिथला पांढरा गोल बघत. अर्ध्या तासाने ताई परत आली तेव्हाही ती तिथेच.

रोज सकाळी पेन हातात घेतलं की तिला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न ऐकू यायचा. शेवटी तिने भावाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने बांधलेली बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"मग दवाखान्यात का नाही बोललीस?"

ताईने त्याचा दुसरा बूट त्याच्या पुढ्यात सरळ करून ठेवला.

"जाऊ दे," तो उठत म्हणाला. "पेन कुणी कुठे ठेवलं याने काय होतंय? घरात कुणी पाहुणा आला की मरण येईल, असली व्यवस्था काय कामाची? भिंत मी परत लावणार नाही. तिला सांगायचं तर सांग."

ताई पाखराकडे गेली. पाखरू पलंगाच्या कडेला बसली होती, घडी घातलेला तोच टॉवेल परत उलगडून घडी घालत.

"ऐक माझं. त्या दिवशी आधी मी दिलं होतं आप्पांना. तू फाटकावर होतीस. गजर मी बंद केला. पेन मी परत सूर्यात ठेवलं. तुझी काही चूक नाही. तुझा कप खरा होता गं, खोटं मी केलं."

पाखराने तिच्याकडे बघितलं. मग ती हसली, लहान मुलाची समजूत घालताना मोठी माणसं हसतात तशी.

"ताई, किती चांगल्या आहात तुम्ही."

"अगं, चांगली नाही, खरं सांगतेय!"

"माझी आई पण असंच करायची. मी शाळेत दप्तर विसरले की बाईंना सांगायची, मीच काढून ठेवलं होतं घरी. माझ्यासाठी खूप लोक खोटं बोललेत, ताई. मला ओळखू येतं." तिने टॉवेलची घडी मांडीवर दाबली. "तुम्ही डॉक्टरांसमोर नाही म्हणाला होतात. जीव जायची वेळ होती. तेव्हा तुम्ही खोटं बोलाल? तुम्ही?"

ताईने शपथ घेतली. आवाज चढवला. मग रडली. पाखराने तिचे डोळे पुसले आणि तिलाच पाणी आणून दिलं. ताईने खोकं ओढून आणलं, कप काढले, ओट्यावर मांडले, म्हणाली, चल, आपण दोघी मिळून परत लावू, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी नियम पाठ करायला लावू, माझ्यापासून सुरुवात. या वेळी पेनाला हात लावणाऱ्याचं नावही लटकवू.

"कशाला, ताई?" पाखरू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "कपात दिसेल ते मीच ठेवलेलं असणार ना? मग ते खरं कशावरून?"

दिवस लावायला शिकवणाऱ्या त्या बाईंकडे जायलाही ती तयार होईना. गेल्यावर त्या कपांबद्दल विचारतील, म्हणाली.

ताईच्या लेकीचे दिवस भरत आले होते. थांबता येण्यासारखं नव्हतं. तिने भावाला परोपरीने सांगितलं, निदान पेन तू दे, नाहीतर नर्स लाव. तो म्हणाला, माझ्या पाळ्या बदलतात, नर्स बघतोय, मिळेपर्यंत मी कामावरून रोज फोन करून विचारीन ना, दिलंस का म्हणून. ताईला ओरडावंसं वाटलं, अरे, जिचा स्वतःच्या आठवणीवर विश्वास उरला नाही, तिलाच तू आठवण विचारणार? पण कुठल्या तोंडाने ओरडणार? निघताना पाखरू फाटकापर्यंत आली. "पोचलात की कळवा," म्हणाली, आणि लगेच, "मी तुम्हाला डबा दिला ना?"

डबा ताईच्या हातातच होता.

लेकीच्या घरी पोचून थोडे दिवस झाले, तोच एका सकाळी फोन आला.

"ताई, तुमच्या भावाचा फोन येऊन गेला. दिलंस का विचारलं. मी हो म्हटलं. ते चिडतात म्हणून म्हटलं. पण ताई, पेन माझ्या हातात आहे. दिलंय का मी? की द्यायचंय?"

"सुईच्या डब्यात बघ. वर पडलेली सुई आजची की..."

"सुया सगळ्या सारख्याच दिसतात हो."

"आप्पांनी खाल्लं का?"

"खाल्लं. पण ते आत्ता खाल्लं की मघाशी, ते..." तिकडे श्वास जोरात चालला होता. "तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करते."

ताई खिडकीशी उभी होती. त्या घरापासून कितीतरी लांब. काय सांगणार? तिने काहीही बघितलं नव्हतं. पण दोनदा दिलं तर काय होतं ते तिने बघितलं होतं. एक वेळ चुकली तर निदान लगेच काही होत नाही.

"दिलंस गं तू," ताई म्हणाली. "ठेव आता पेन. देऊ नकोस."

"दिलंय ना? बरं झालं बाई." केवढा सुटकेचा श्वास तो. "तुम्ही म्हणता म्हणजे दिलंच असणार."

दुसऱ्या दिवशी परत फोन आला. ताईने तेच सांगितलं, आणि ठेवताना म्हणाली, आज साखर तपास, नर्सचं काय झालं ते विचार, डॉक्टरांना फोन कर. पाखराने सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणण्यात ती नेहमीच तत्पर होती. संध्याकाळी ताईने भावाला फोन लावला. तो पंपावर होता, मागे घरघर चाललेली. बायकोने रोज दिलंय म्हटलंय, मी विचारतो ना, असं त्याने सांगितलं. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. ताईने फोन ठेवला.

त्यानंतरच्या सकाळी ताई दवाखान्याच्या ओसरीत बसली होती, मांडीवर नुकतीच जन्मलेली नात. फोन वाजला.

"ताई, तुम्ही सांगितलं तसं साखर तपासली. मशीनवर आकडाच येत नाहीये. 'हाय', म्हणजे मापाच्या वर, असं येतंय नुसतं. आप्पा सारखं पाणी मागतायत रात्रीपासून, श्वास जड लागलाय." पाखराचा आवाज शांत होता. सगळा भार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेल्या माणसाचा. "पण परवाचं दिलं होतं ना मी? आणि कालचं? तुम्हीच म्हणालात."

ताईच्या मांडीवरच्या पोरीने डोळे उघडले, मिटले.

"बरं, ते राहू दे," पाखरू म्हणाली. "आजचं सांगा. दिलंय का मी?"